दोन निर्दोष यंत्रे आणि एक घुमणारा आवाज

टीव्ही चांगला चालतो, त्याच्या स्वतःच्या स्पीकरमधून आवाज स्वच्छ येतो. बाजूला ठेवलेला अँप्लिफायर आणि वूफरही चांगले चालतात. मोबाइल लावून गाणी वाजवली तर कसली तक्रार नाही. मग दोघांच्या मध्ये लाल-पांढऱ्या पिनांची एक वायर जोडली जाते आणि खोलीभर 'घूंऽऽ' असा जाड, सलग आवाज भरून राहतो. टीव्हीचा आवाज शून्यावर नेला तरी तो हलत नाही. दुरुस्तीवाल्याकडे टीव्ही नेला तर तो ठीक निघतो, अँप्लिफायर नेला तर तोही ठीक निघतो. दोन्ही पावत्या खऱ्या असतात आणि घरी आल्यावर घुमणे पुन्हा सुरू होते.

या पुस्तकाचा विषय इथे सुरू होतो. विद्युतशास्त्राच्या बहुतेक शाखा एकेका यंत्राच्या पोटात शिरतात. ही शाखा यंत्रांच्या मधल्या जागेत राहते आणि प्रत्येक यंत्र एकटे असताना जे घडत नाही ते जोडल्यावर का घडते एवढेच विचारते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात तिला फार तर एखादे प्रकरण मिळते. इलेक्ट्रिशियनच्या प्रशिक्षणात अर्थिंग शिकवतात ते सुरक्षिततेपुरते आणि ध्वनी-तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात वायरी शिकवतात त्या ध्वनीपुरत्या. घुमणारा आवाज या दोन खात्यांच्या बरोबर मधल्या फटीत बसतो, म्हणून तो कोणाच्याच कामाच्या यादीत येत नाही. म्हणून मी ही प्रस्तावना एकाच उदाहरणावर उभी करणार आहे. ते नीट समजले तर पुढच्या प्रकरणांतले रुग्णालयातले ईसीजी यंत्र किंवा कारखान्यातला तापमापक वेगळा वाटणार नाही.

आधी त्या लाल-पांढऱ्या पिनेकडे जवळून पाहू. तिच्या मध्यभागी एक काडी असते आणि भोवती धातूचे कडे. वायर कापली तर आत एक बारीक तार दिसते आणि तिच्याभोवती विणलेली किंवा नुसती गुंडाळलेली तांब्याची जाळी. ध्वनीचा सिग्नल मधल्या तारेतून जातो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. सिग्नल म्हणजे मधली तार आणि जाळी यांच्यातला व्होल्टेजचा फरक. अँप्लिफायर तो फरक मोजतो आणि मोठा करतो. मोजताना तो आपल्या बाजूच्या जाळीला शून्य धरतो, तर टीव्हीने तो सिग्नल तयार करताना आपल्या बाजूच्या जाळीला शून्य धरलेले असते. दोन घरांच्या जोत्यांची पातळी वेगळी असेल तर एकाच झाडाची उंची दोन्ही अंगणांतून वेगवेगळी भरेल, तसे हे आहे. जाळीच्या दोन टोकांत काडीभराचाही फरक पडला, तर तो फरक अँप्लिफायरच्या दृष्टीने सिग्नलचाच भाग होतो. त्याला निवड करता येत नाही, कारण सिग्नल आणि भेसळ त्याच्याकडे एकाच दाराने येतात.

जाळीच्या दोन टोकांत फरक पडायला एकच गोष्ट लागते: जाळीतून सिग्नलखेरीज दुसरा कोणता तरी प्रवाह वाहिला पाहिजे. ओहमचा नियम सांगतो की प्रवाह गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज. तारेचा रोध कितीही कमी केला तरी तो शून्य होत नाही. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की हा परका प्रवाह येतो कुठून आणि जातो कुठे.

आता उदाहरण. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात सापडेल अशी इमारत घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात टीव्ही आहे, त्याला सेट-टॉप बॉक्स आहे आणि बॉक्सला येणारी काळी केबल खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून आत शिरते. ती बाहेर सज्जाच्या कडेने जाते, एका वायरवरून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर पोहोचते आणि तिथल्या केबलवाल्याच्या अँप्लिफायरला लागते. त्या अँप्लिफायरचा पत्र्याचा डबा शेजारच्या इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला आहे, म्हणजे त्या केबलची बाहेरची जाळीही तिकडच्या जमिनीला बांधलेली आहे. आपल्या घरातला टीव्ही दोन पिनांचा, त्याला अर्थिंग नाहीच. सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टरही दोन पिनांचा. आवाजाचा अँप्लिफायर मात्र तीन पिनांचा आहे. त्याचा धातूचा डबा मधल्या मोठ्या पिनेतून भिंतीतल्या हिरव्या वायरीला आणि पुढे आपल्या इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेला आहे.

टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्यात लाल-पांढरी वायर लागेपर्यंत या दोन इमारतींच्या जमिनी एकमेकींना भेटत नव्हत्या. वायर लागली आणि रस्ता पूर्ण झाला: शेजारची जमीन, गच्चीवरचा डबा, केबलची जाळी, सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय वायरीची जाळी, टीव्हीचे अंग, लाल-पांढऱ्या वायरीची जाळी, अँप्लिफायरचा डबा, तिसरी पिन, आपल्या इमारतीची अर्थिंगची पट्टी, आपली जमीन आणि मातीतून परत शेजारची जमीन. याला ग्राउंड लूप किंवा अर्थ लूप म्हणतात. त्यातला एकही जोड चुकीचा नाही. केबलवाल्याने डबा अर्थ केला ते बरोबर, अँप्लिफायर बनवणाऱ्याने तिसरी पिन दिली ते बरोबर आणि बिल्डरने खड्डा खणला तेही बरोबर.

लूप तयार झाला एवढ्याने प्रवाह वाहत नाही. दोन जमिनींच्या विभवात फरक असावा लागतो, आणि इथे शाळेत घेतलेली एक समजूत सोडून द्यावी लागते. जमीन म्हणजे शून्य, कितीही प्रवाह ओता तरी शून्यच राहणारे अथांग भांडे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जमीन हा एक वाईट वाहक आहे. अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपाभोवतीच्या मातीला काही ओहम रोध असतो. काळ्या ओल्या मातीत तो कमी असतो, कोकणातल्या जांभ्यात किंवा घाटावरच्या कातळात बराच जास्त. म्हणून तर खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरायचा, उन्हाळ्यात वरून पाणी सोडायचे, हा रिवाज. त्या पाइपातून थोडा जरी प्रवाह जमिनीत गेला तरी पाइप आणि दूरची जमीन यांत फरक पडतो. आणि प्रवाह जातोच. प्रत्येक इमारतीतल्या फ्रिज, संगणक, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांच्यातून थोडी थोडी गळती अर्थिंगच्या वायरीत सतत उतरत असते. शिवाय पुरवठ्याचा न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीला बांधलेला असतो. एखाद्या इमारतीत तो अर्थिंगच्या पट्टीलाही जोडलेला असेल आणि तीन फेजांवरचा भार असमान असेल, तर न्यूट्रलमधल्या प्रवाहाने पडणारे व्होल्टेज त्या इमारतीच्या अर्थिंगवर दिसते. शेजारच्या इमारतीचा भार वेगळा, वायरींची लांबी वेगळी, मग तिची पातळीही वेगळी. ही पातळी स्थिरही नसते. पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून ती सेकंदाला ५० वेळा वरखाली झोके घेते. आपल्याला ऐकू येतो तो हाच झोका.

आता आकडे घालून पाहू. त्या घरात सेट-टॉप बॉक्सची केबल काढून तिच्या कड्यापासून अँप्लिफायरच्या सॉकेटमधल्या अर्थपर्यंत मल्टिमीटर लावला आणि त्याने ०.९ व्होल्ट एसी दाखवले असे धरा. सगळ्या लूपचा रोध, दोन्ही खड्ड्यांची माती, केबलची जाळी, भिंतीतली हिरवी वायर आणि जोड धरून, ९ ओहम घेऊ. केबल परत लावली की लूपमधून ०.१ अँपिअर वाहील. एवढ्याशा प्रवाहाने काही तापत नाही, कुठला स्विच पडत नाही आणि अंगावर काही जाणवत नाही. लाल-पांढऱ्या वायरीच्या जाळीचा रोध पिनांच्या स्पर्शासकट ०.०५ ओहम आहे असे समजा. गुणाकार केला की ५ मिलिव्होल्ट येतात. घरगुती उपकरणांमध्ये सिग्नलची सर्वसाधारण पातळी ३०० मिलिव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे भेसळ सिग्नलच्या साठाव्या भागाएवढी, सुमारे ३६ डेसिबल खाली. ऐकायला हे फार आहे. चित्रपटातला हलका संवाद पूर्ण पातळीच्या सहज दहावा भाग असतो, आणि तेव्हा आवाज आणि घुमणे यांच्यात सहापट एवढेच अंतर उरते.

या हिशेबात एक गोष्ट डोळ्यांत भरावी अशी आहे. जाळीचा रोध लूपच्या एकूण रोधापुढे इतका लहान आहे की तो चौपट झाला तरी प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. पण जाळीवर पडणारे व्होल्टेज मात्र चौपट होते. म्हणून पिन गंजली, कडे सैल बसले की घुमणे वाढते आणि पिन फिरवली की खडखडून कमी-जास्त होते. याच कारणाने जाड जाळीच्या चांगल्या वायरीने आवाज खरोखर कमी होतो, पण नाहीसा होत नाही. महाग वायर घेऊन ज्यांना फरक जाणवला ते खोटे बोलत नाहीत आणि ज्यांना ती वायर घेऊनही घुमणे ऐकू येत राहिले तेही नाहीत.

हाच ०.१ अँपिअर एचडीएमआयच्या जाळीतूनही वाहतो आहे, तरी चित्रावर काही दिसत नाही. तिथेही जाळीच्या दोन टोकांत फरक पडतो, पण एचडीएमआयचा सिग्नल तारांच्या जोड्यांमधून अंकांच्या रूपात जातो आणि काही मिलिव्होल्टची भेसळ शून्याचा एक करू शकत नाही. जुन्या चित्रनळीच्या टीव्हीत मात्र अशाच लूपमुळे चित्रावर फिकट-गडद आडवे पट्टे सावकाश वर सरकताना दिसत. ज्यांना ते पट्टे आठवतात त्यांनी हा लूप डोळ्यांनी पाहिलेला आहे.

काही घरांत वूफर आल्यापासूनच हा त्रास सुरू झाला असे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण दोष वूफरचा नाही. लहान स्पीकरला ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही आणि कानही त्या पट्टीत मंद असतो. जुन्या लहान स्पीकरमधून जी बारीक चरचर येत होती ती १५०, २५० हर्ट्झ अशा पटींची होती, आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. वूफरने फक्त मूळ सूर ऐकवला.

लूप म्हटले की अनेकांना दुसरे कारण आठवते: वायरींच्या वेढ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र. फॅरडेने १८३१ साली दाखवलेला हा परिणाम खरा आहे, पण घरात त्याचे माप किती ते पाहावे. घरातल्या हवेत ५० हर्ट्झचे क्षेत्र ०.१ मायक्रोटेस्ला आणि वेढा दोन चौरस मीटरचा धरला तर त्यात सुमारे ६० मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. वरच्या ०.९ व्होल्टच्या ते पंधरा हजाराव्या भागाएवढे भरतात. ट्रान्सफॉर्मरच्या अगदी शेजारून वायर गेली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वायरी गुंडाळून, सरळ करून, टेबलामागे नीट बांधून घुमणे जात नाही ते यामुळे. मला वाटते या विषयावरच्या लोकप्रिय सल्ल्यांपैकी निम्मा सल्ला चुकीच्या कारणावर उपाय करण्यात खर्ची पडतो.

या उदाहरणापाशी थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आपल्याला आज जे छळते ते टेलिफोनवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच सोसले होते. जर्मनीत श्टाइनहाइल याने १८३८ मध्ये दाखवले की तारयंत्राला दुसरी तार लागत नाही, परतीचा रस्ता जमिनीतून मिळतो. तांब्याचा निम्मा खर्च वाचला आणि तारयंत्राच्या कट्-कट् आवाजाला जमिनीतल्या भेसळीची बाधाही नव्हती. पुढे टेलिफोन आला आणि त्याच एकेरी तारांवर बसवला गेला. मग शहरांत विजेवरच्या ट्राम आल्या. त्या परतीचा प्रवाह रुळांतून आणि रुळांखालच्या मातीतून नेत, आणि तो टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये घरघरू लागला. उपाय होता पूर्ण दोन तारांचा परिपथ, जमिनीला त्यातून वगळणारा. आणि त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या, ज्याचे पेटंट ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्येच घेतलेले होते. व्यावसायिक ध्वनिमुद्रणात आणि सभागृहांत आजही तीन पिनांची संतुलित वायर वापरतात ती याच परंपरेतली: सिग्नल दोन तारांत, जाळी वेगळी, आणि घेणारे यंत्र फक्त दोन तारांमधला फरक मोजते. घरगुती ध्वनिसाधनांनी स्वस्ताईसाठी हा धडा बाजूला ठेवला. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या १९३०च्या दशकातल्या पिनेत परतीची तार आणि जाळी एकच करून टाकलेली आहे. त्या काळच्या रेडिओत सगळे एकाच पेटीत होते, तेव्हा त्याने काही बिघडत नव्हते. पिन टिकली आणि पेट्या वेगळ्या झाल्या.

पण संतुलित वायरही जादू नाही. अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने जून १९९५चा अंक जाळ्या आणि ग्राउंड यांना वाहिला. त्यात नील मन्सी यांनी दाखवले की कित्येक व्यावसायिक यंत्रांत जाळी बाहेरच्या डब्याला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. त्यामुळे बाहेरचा परका प्रवाह थेट यंत्राच्या पोटात शिरतो. त्याच अंकात बिल व्हिटलॉक यांनी संतुलित जोडणीचे नीट गणित मांडले. या शाखेत शिरणाऱ्याने हे दोन लेख आणि हेन्री ऑट यांचे ग्रंथ कधी तरी वाचावेत. तिथले लेखक एकाच प्रश्नावर ठाम आहेत: प्रवाह कुठून कुठे जातो ते आधी काढा, ग्राउंड कुठे बांधायचा ते नंतर.

आता तोच प्रश्न घरात कसा विचारायचा ते पाहू. पहिली पायरी, अँप्लिफायरच्या टोकाची लाल-पांढरी पिन पूर्ण काढायची. घुमणे तसेच राहिले तर लूपचा संबंध नाही. अशा वेळी आवाज बहुधा १०० हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक वरचा, किंचित रखरखीत असतो आणि दोष अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यातल्या सुकलेल्या कपॅसिटरचा असतो. घुमणे थांबले तर पिन परत लावायची आणि आवाजाची दोन्ही बटणे फिरवून पाहायची. टीव्हीचा आवाज कमी केल्याने घुमणे बदलत नाही, अँप्लिफायरचा कमी केल्याने मात्र घुमणेही कमी होते. म्हणजे भेसळ दोघांच्या मधे शिरते आहे. तिसरी पायरी सगळ्यात बोलकी आहे. सेट-टॉप बॉक्सच्या मागची काळी केबल आटे फिरवून सोडवायची. टीव्हीवर 'सिग्नल नाही' असे येईल, पण घुमणे त्याच क्षणी गेले तर गुन्हेगार हाताशी आला. टीव्ही बंद करून, प्लग काढून पाहणे हा मात्र चुकीचा निकष आहे. लूप जाळ्यांमधून जातो, त्याला टीव्ही चालू असण्याची गरज नाही, त्यामुळे बंद टीव्हीतूनही घुमणे येत राहते आणि माणूस गोंधळतो.

मल्टिमीटर लावताना एक फसवे वाचन येते, त्याची ओळख हवी. टीव्ही आणि अँप्लिफायर यांतली वायर आणि काळी केबल दोन्ही काढून टीव्हीच्या धातूच्या सॉकेटपासून अर्थपर्यंत मोजले तर मीटर ८०-१०० व्होल्ट दाखवतो. हे पाहून टीव्हीत शॉर्ट आहे असे वाटते. ते बहुधा शॉर्ट नसते. टीव्हीच्या आतल्या वीजपुरवठ्यात, पुरवठ्याची बाजू आणि टीव्हीचे अंग यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो, २.२ नॅनोफॅरडच्या आसपासचा. रेडिओच्या पट्टीतला त्रास रोखणे हे त्याचे काम. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर त्यातून फार तर ०.१६ मिलिअँपिअर गळतो. मीटरचा रोध दहा मेगओहम, म्हणून एवढ्या गळतीवरही तो मोठे व्होल्टेज दाखवतो. मीटरच्या दोन टोकांत १ किलोओहमचा रोधक आला की वाचन ०.१६ व्होल्टच्या आत येते. दोन जमिनींमधला खरा फरक मात्र रोधक लावला तरी ढळत नाही, कारण त्याच्यामागे काही ओहमचाच रोध असतो. काही मीटरांवर यासाठी कमी रोधाची वेगळी सोय असते. आणि तीच पद्धत बरी, कारण साधा रोधक चुकून खऱ्या फेजवर लागला तर त्यात पन्नासहून अधिक वॉट जातील आणि तो हातात फुटेल. कमी रोधाच्या मापनातही वाचन काही व्होल्टांच्या वर राहिले, तर प्रश्न ध्वनीचा नाही; इमारतीच्या वायरिंगचा आहे आणि तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा.

उपायांत पहिला तो, जो करायचा नाही. अँप्लिफायरची मधली पिन कापली किंवा तिच्यावर टेप गुंडाळली की लूप तुटतो आणि घुमणे जाते. हे इतके लगेच होते की अनेक दुकानांत हाच उपाय सांगतात. आता त्या अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधले इन्सुलेशन कधी तरी जळाले आणि फेज डब्याला लागला असे धरा. तिसरी पिन असती तर मोठा प्रवाह हिरव्या वायरीतून गेला असता आणि एमसीबी किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडला असता. पिन नाही, म्हणून डबा २३० व्होल्टवर बसतो, लाल-पांढऱ्या वायरीच्या जाळीतून टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सही त्याच पातळीला जाऊ पाहतात, आणि सगळा दोषप्रवाह केबलच्या पातळ जाळीतून आणि शेजारच्या मातीतून परतीचा रस्ता शोधतो. त्या रस्त्याचा रोधही ९ ओहम धरला तर त्यातून २५ अँपिअरच्या आसपास जातील. आरसीसीबी नसलेल्या जुन्या घरातला एमसीबी यावर लगेच पडेल याची खात्री नाही, जाळी मात्र तापेल. आणि नेमक्या त्याच वेळी कोणी चित्र येत नाही म्हणून मागची केबल सोडवायला हात घातला, तर केबलचे कडे एका हातात आणि बॉक्सचे सॉकेट दुसऱ्या हातात, असा तो माणूसच त्या रस्त्यातला जोड होतो.

लूप तोडायचाच तर तो जिथे सुरक्षिततेचे काम करत नाही अशा जागी तोडावा. केबलच्या वाटेत बसवायचा एक छोटा दंडगोल मिळतो. त्यात मधली तार आणि जाळी दोन्ही कपॅसिटरांनी तोडलेल्या असतात. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला तीस लाख ओहमांहून अधिक अडथळा करतो आणि ५०० मेगाहर्ट्झच्या टीव्ही-सिग्नलला एक तृतीयांश ओहम. घुमणे थांबते, चित्र येत राहते. मात्र गच्चीवर स्वतःची डिश असेल तर हा उपाय चालत नाही. डिशच्या तोंडाशी बसलेल्या यंत्राला बॉक्सकडून त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जावे लागते आणि कपॅसिटर ते अडवतो. अशा घरात केबल इमारतीत शिरते तिथेच तिची जाळी इमारतीच्या अर्थिंगच्या पट्टीला जाड वायरीने बांधावी. लूप तसाच राहतो, पण प्रवाहाला लाल-पांढऱ्या जाळीपेक्षा सोपा रस्ता मिळतो आणि तो त्या रस्त्याने जातो. विजेच्या कडकडाटाच्या दृष्टीनेही हे बांधणे योग्यच. टीव्ही आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा असा सल्ला नेहमी मिळतो. दोन्ही यंत्रांना तिसरी पिन असेल आणि ती वेगवेगळ्या खोल्यांच्या सॉकेटला गेली असेल तर त्याचा उपयोग होतो. आपल्या उदाहरणात फरक केबलमधून येतो, म्हणून बोर्ड बदलून काही होत नाही.

लाल-पांढऱ्या वायरीतच तोडायचे असेल तर एकास एक गुणोत्तराचा ध्वनी-ट्रान्सफॉर्मर लावता येतो. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, जाळीला मात्र पलीकडे जाता येत नाही. तो अँप्लिफायरच्या टोकाशी बसवायचा, टीव्हीच्या नव्हे. बाजारातल्या स्वस्त डब्यांत लोखंडाचा गाभा इतका बारीक असतो की खर्जातला मोठा आवाज आला की तो संपृक्त होतो आणि ढोल-पखवाज चेपल्यासारखे ऐकू येतात. ज्याने वूफरसाठी पैसे मोजले त्याला हा सौदा परवडत नाही.

उरला प्रकाश. बऱ्याच टीव्हींच्या मागे १९८३ मध्ये तोशिबाने आणलेल्या पद्धतीचे चौकोनी सॉकेट असते, ज्यातून ध्वनी लाल प्रकाशाच्या रूपाने प्लॅस्टिकच्या तंतूतून जातो. तंतूत तांबे नाही, म्हणून लूप नाही. पलीकडे प्रकाशाचा पुन्हा ध्वनी-सिग्नल करणारी एक छोटी डबी लागते आणि तिला ५ व्होल्टचा पुरवठा. इथे सोयीसाठी लोक त्या डबीची वायर टीव्हीच्याच यूएसबीमध्ये खुपसतात आणि घुमणे जसेच्या तसे परत येते. यूएसबीची परतीची तार टीव्हीच्या अंगालाच जोडलेली असते. तिथून डबी, डबीतून लाल-पांढरी जाळी, जाळीतून अँप्लिफायर. त्या डबीला मोबाइलचा वेगळा, दोन पिनांचा चार्जर द्यावा. मग तिच्या बाजूने अँप्लिफायरकडे जाते ती फक्त त्या चार्जरच्या कपॅसिटरची मिलिअँपिअरच्या अंशाएवढी गळती. ०.०५ ओहमच्या जाळीवर तिचे काही मायक्रोव्होल्टच होतात, आणि वूफरलाही ते ऐकवता येत नाहीत.